जीएसटीच्या सुनावणीची तारीख पुढे मागताना : कागदपत्रे अजून जमत असतील तेव्हा काय करावे

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधील लहान उद्योजकाला वस्तू व सेवा कर विभागाकडून कारणे दाखवा नोटीस येते, त्यानंतर वैयक्तिक सुनावणीची तारीख कळवली जाते आणि नोटिशीतील रकमेचे उत्तर देणारे कागद मात्र अजून अर्धेच हाती असतात. अशा वेळी बहुतेक जण दोन ओळींचा अर्ज लिहितात : ‘कागदपत्रे जमवणे चालू आहे, कृपया पुढील तारीख द्यावी.’ या अर्जावर तारीख मिळू शकते, परंतु पुढे आदेश विरोधात गेला तर असा अर्ज आपल्या बाजूने काहीच सिद्ध करत नाही. कोणता कागद राहिला आहे, तो कोणाकडे आहे, तो आपण केव्हा मागितला, नोटिशीतील किती रुपये त्यावर अवलंबून आहेत आणि तो कोणत्या तारखेपर्यंत येईल, या पाच गोष्टी अर्जात असाव्यात. असा अर्ज कसा तयार करावा, कसा पोहोचवावा आणि त्याच्या मर्यादा काय आहेत, हे पुढे एका उदाहरणासह दिले आहे. उदाहरणातील उद्योग आणि आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. कायद्यातील कलमे आणि मुदती मात्र प्रत्यक्षातील आहेत.

पहिली पायरी : उत्तराची तारीख आणि सुनावणीची तारीख वेगळी ओळखा

प्रथमच नोटीस आलेल्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. नोटिशीत लेखी उत्तरासाठी एक तारीख असते आणि वैयक्तिक सुनावणीसाठी दुसरी. काही नोटिशींत दोन्ही एकाच कागदावर असतात, काहींत सुनावणीची तारीख नंतर वेगळ्या पत्राने येते. सुनावणी पुढे ढकलली गेली म्हणून लेखी उत्तराची तारीख आपोआप पुढे जात नाही, आणि उत्तरासाठी मुदतवाढ मिळाली म्हणून सुनावणी रद्द होत नाही. दोन्हींसाठी वेळ हवा असेल तर अर्जात दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्या लागतात.

लेखी उत्तर डीआरसी-०६ या नमुन्यात जीएसटी पोर्टलवरून द्यायचे असते. त्यात वैयक्तिक सुनावणी हवी आहे का, असा प्रश्न असतो आणि तेथे ‘होय’ निवडणे हिताचे असते. जीएसटी कायद्याच्या कलम ७५(४) प्रमाणे लेखी मागणी केल्यास किंवा विरोधात निर्णय होणार असल्यास सुनावणीची संधी देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तरीही स्वतःच ‘नाही’ निवडून ठेवलेले असेल तर पुढे विनाकारण वाद उभा राहतो.

तारीख पुढे मागण्याचा आधार कलम ७५(५) मध्ये आहे. पुरेसे कारण दाखवल्यास अधिकाऱ्याने वेळ द्यावा, सुनावणी तहकूब करावी आणि त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असे हे पोटकलम सांगते. मात्र एकाच प्रकरणात एका व्यक्तीला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देता येत नाही, अशी अटही त्यातच आहे. म्हणून पहिली तहकुबी ढोबळ कारणावर खर्च करू नये. अधिकारी रजेवर असल्यामुळे किंवा कार्यालयीन कारणाने तारीख पुढे गेली, तर ती आपण मागितलेली तहकुबी नव्हे. पुढच्या अर्जात तसे एका वाक्यात नमूद करून ठेवावे, म्हणजे मोजणीत घोळ होत नाही.

दुसरी पायरी : नोटिशीतील रकमेची फोड करा

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी हे काम पूर्ण करावे, कारण अर्जाची सगळी ताकद या फोडीतून येते.

कुडाळ परिसरातील एक काजू प्रक्रिया उद्योग उदाहरणादाखल घेऊ. काजू बी शेतकऱ्याकडून विकत घेतली तर तिच्यावरील ५ टक्के कर शेतकरी भरत नाही. नोंदणीकृत खरेदीदाराने तो उलट आकारणीने, म्हणजे स्वतःच, भरायचा असतो. तीच बी नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतली तर व्यापारी बिलात कर लावतो आणि खरेदीदारावर उलट आकारणी येत नाही. या उद्योगाच्या २०२१-२२ च्या हिशेबात काजू बीची खरेदी ८६ लाख रुपये दिसत होती, तर विवरणपत्रांत उलट आकारणीचा कर ५२ लाखांवरच भरलेला होता. उरलेल्या ३४ लाखांवर ५ टक्क्यांप्रमाणे १,७०,००० रुपये कर, त्यावर व्याज आणि दंड अशी मागणी करणारी नोटीस फसवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणांसाठीच्या कलम ७३ खाली २४ सप्टेंबर २०२५ रोजी निघाली. उत्तरासाठी ३० दिवस होते.

मालकांच्या मते ३४ लाखांपैकी बहुतेक खरेदी व्यापाऱ्यांकडची होती आणि ती बिले जमवायची राहिली होती. असे म्हणून पूर्ण ३४ लाखांसाठी वेळ मागता आला असता. पण आकडे नीट मांडल्यावर चित्र वेगळे निघाले.

तीन व्यापाऱ्यांकडची १८ लाखांची खरेदी पोर्टलवरील जीएसटीआर-२बी या, पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांच्या विवरणात बिलनिहाय दिसत होती. ते विवरण आपल्याच लॉगिनमधून उतरवून घेता येते. यासाठी कोणाकडे कागद मागायची गरजच नव्हती. कागद ‘जमत आहेत’ असे आपण ज्या रकमेबद्दल म्हणतो, तिचा मोठा भाग विभागाच्याच नोंदींत आधीपासून असतो, असे बऱ्याच प्रकरणांत आढळते. अधिकाऱ्याला तो स्वतःच्या संगणकावर दिसत असताना त्यासाठी वेळ मागणे अर्जाचा विश्वास घालवते.

७ लाखांची खरेदी खरोखरच शेतकऱ्यांकडून होती आणि तिच्यावरील ३५,००० रुपये भरायचे राहून गेले होते. येथेही वेळ मागण्यासारखे काही नव्हते.

उरले ९ लाख. ही बी मडगावच्या एका व्यापाऱ्याकडून एप्रिल आणि मेच्या पूर्वार्धात घेतलेली होती. त्याने आपल्या विवरणपत्रात या उद्योगाचा क्रमांक टाकलेला नसल्यामुळे ती बिले जीएसटीआर-२बी मध्ये आलीच नव्हती. त्या बिलांवरचे क्रेडिट उद्योगाने घेतलेले नव्हते, त्यामुळे तो वेगळा वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता की विक्रेता नोंदणीकृत व्यापारी होता, शेतकरी नव्हता, हे दाखवायचे. आणि आपल्याकडच्या बिलांच्या प्रती मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात कार्यालयाचे पत्रे उडाले तेव्हा भिजून नष्ट झाल्या होत्या.

अशा रीतीने १,७०,००० च्या मागणीपैकी फक्त ४५,००० रुपयांचा कर बाहेरून यायच्या कागदांवर अवलंबून राहिला. तारीख मागायची ती एवढ्याच भागासाठी. मागणी जितकी नेमकी, तितकी ती नाकारणे अवघड जाते.

तिसरी पायरी : अर्जाआधी कागद लेखी मागा

व्यापाऱ्याला फोन केला, बँकेत जाऊन सांगून आलो, अशा गोष्टी खऱ्या असल्या तरी अर्जाला जोडता येत नाहीत. ज्या ज्या व्यक्तीकडून कागद हवा आहे तिला पत्र, ईमेल किंवा स्पीड पोस्टाने लेखी मागणी करावी आणि तिची पोच ठेवावी. ही तारीख नोटीस मिळाल्यानंतर लगेचची असावी. सुनावणीच्या आदल्या दिवशी पाठवलेला ईमेल जोडला तर त्यातून उलट आपलाच उशीर सिद्ध होतो.

या उदाहरणात दोन मागण्या होत्या. मडगावच्या व्यापाऱ्याला बिलांच्या प्रती, त्याच्या खातेवहीतील आपल्या नावाचा उतारा आणि असल्यास ई-वे बिले मागितली. सहकारी बँकेच्या शाखेला एप्रिल ते जून २०२१ चा खातेउतारा मागितला. तो जुना असल्यामुळे मुख्य कार्यालयातून येणार होता आणि शाखेने अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली.

तिसरी एक गोष्ट विसरू नये. कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘बिले व्यापाऱ्याकडून मागवत आहोत’ असे लिहिताच, तुमच्याकडची प्रत कुठे गेली, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. त्याचे खरे उत्तर अर्जातच द्यावे आणि शक्य असेल तेथे त्याचा पुरावा जोडावा. वादळातील नुकसानीचा तलाठ्यांनी केलेला पंचनामा या उद्योगाकडे होता. त्याची प्रत जोडली गेली. किनारपट्टीवर निसर्ग किंवा तौक्ते वादळात कागद गेलेले अनेक व्यावसायिक आहेत, परंतु पंचनाम्यात छपराचीच नोंद आहे की दप्तराचीही आहे, हे जोडण्याआधी वाचून पाहावे. दप्तराचा उल्लेख नसेल तर ‘कार्यालयाच्या छपराचे नुकसान झाल्याचा पंचनामा’ एवढेच लिहावे. त्यात नसलेली गोष्ट त्याच्या नावावर खपवू नये.

चौथी पायरी : जे हाती आहे ते आधी दाखल करा

तहकुबीच्या अर्जाआधी, किंवा निदान त्याच्यासोबत, तयार असलेल्या भागाचे उत्तर दिलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. या उद्योगाने दिवाळीआधीच डीआरसी-०६ मध्ये अंशतः उत्तर दिले : १८ लाखांसाठी जीएसटीआर-२बी चे बिलनिहाय पत्रक, ७ लाखांबाबत चूक मान्य, आणि ९ लाखांबाबत भूमिका स्पष्ट करून ‘पुरावे मिळताच पूरक उत्तर देऊ’ असे वाक्य. त्यामुळे पुढे काहीही झाले तरी ‘उत्तरच दिले नाही’ असा शेरा आदेशात येऊ शकत नव्हता.

मान्य असलेला कर थांबवून ठेवू नये. तारीख पुढे गेली तरी वार्षिक १८ टक्के व्याज थांबत नाही. १,७०,००० वर ते दरमहा २,५५० रुपये होते, तर ३५,००० वर ५२५ रुपये. उद्योगाने ३५,००० रुपये आणि त्यावरील व्याज डीआरसी-०३ या भरण्याच्या नमुन्याने रोख खात्यातून भरले आणि त्याची प्रत उत्तराला जोडली. उलट आकारणीचा कर रोख खात्यातूनच भरावा लागतो, क्रेडिटमधून नाही.

येथेच एका मुदतीकडे लक्ष वेधतो. कलम ७३ खालील नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत तिच्यातील कर व्याजासह भरला तर दंड लागत नाही. सुनावणी तहकूब झाली म्हणून हे ३० दिवस वाढत नाहीत. ज्यांची संपूर्ण मागणी मुळात बरोबर आहे आणि केवळ खात्री करण्यासाठी कागद शोधणे चालू आहे, त्यांनी तारीख मागण्यात हे दिवस घालवले तर कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड पदरी पडतो. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी कलम ७४अ लागू आहे आणि फसवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणात तेथे ही मुदत ६० दिवसांची आहे.

पाचवी पायरी : अर्जाचा मसुदा

सुनावणी ११ नोव्हेंबर २०२५ ला होती. अर्ज ४ नोव्हेंबरला, म्हणजे आठवडाभर आधी दिला गेला. सुनावणीच्या सकाळी दिलेला अर्ज अधिकाऱ्याच्या समोर पोहोचेलच असे नाही. पुढची तारीख मागताना ‘योग्य ती तारीख’ असे न लिहिता नेमका दिवस सुचवावा आणि तो कागद येण्याच्या अपेक्षित दिवसाशी जुळणारा असावा.

प्रति,
(नोटिशीवर असलेले अधिकाऱ्यांचे पदनाम आणि कार्यालय जसेच्या तसे)

विषय : आर्थिक वर्ष २०२१-२२ च्या कारणे दाखवा नोटिशीवरील दि. ११ नोव्हेंबर २०२५ ची वैयक्तिक सुनावणी तहकूब करून दि. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी ठेवण्याबाबत, कलम ७५(५) अन्वये पहिली विनंती.

संदर्भ : १) नोटीस क्रमांक व दिनांक, २) सुनावणीचे पत्र क्रमांक व दिनांक, ३) आमचे डीआरसी-०६ मधील उत्तर, क्रमांक व दिनांक, ४) आमचा जीएसटी नोंदणी क्रमांक.

महोदय,

वरील नोटिशीतील रु. १,७०,००० कराच्या मागणीपैकी रु. १,२५,००० बाबतचे उत्तर पुराव्यांसह संदर्भ ३ अन्वये दाखल केले असून त्यातील मान्य रक्कम रु. ३५,००० व्याजासह भरली आहे. हा अर्ज उर्वरित रु. ४५,००० पुरताच मर्यादित आहे. हा अर्ज म्हणजे नोटिशीचे अंतिम उत्तर नाही.

सदर रक्कम मडगाव येथील नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून केलेल्या रु. ९ लाखांच्या काजू बी खरेदीशी संबंधित आहे. आमच्याकडील बिलांच्या प्रती मे २०२१ मधील चक्रीवादळात नष्ट झाल्या. नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे. व्यापाऱ्याकडे बिलांच्या प्रती व खातेउतारा दि. ____ रोजी लेखी मागितला असून त्यांनी दि. १८ नोव्हेंबरपर्यंत तो देण्याचे ईमेलने कळवले आहे. बँकेकडे खातेउताऱ्यासाठी केलेला अर्ज पोचेसह जोडला आहे.

सदर कागदपत्रांवरून विक्रेता शेतकरी नसल्याचे सिद्ध होणार असल्याने ती अभिलेखावर येणे आवश्यक आहे. तरी सुनावणी दि. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी ठेवावी, ही विनंती. पूरक उत्तर दि. २१ नोव्हेंबरपर्यंत दाखल करण्याची हमी देतो.

सोबत : (जोडपत्रांची क्रमवार यादी)

आपला विश्वासू,
(नाव, पद, सही, शिक्का, दिनांक)

‘पहिली विनंती’ आणि ‘अंतिम उत्तर नाही’ हे दोन शब्दप्रयोग वगळू नयेत. दुसऱ्याचे कारण पुढच्या पायरीत येते. व्यापाऱ्याने तारीख कळवलीच नसेल तर तसे खोटे लिहू नये. ‘दोन स्मरणपत्रे पाठवली आहेत, उत्तर आलेले नाही’ असे लिहून ती जोडणे अधिक चांगले. अर्जावर सही मालकाची नसून प्रतिनिधीची असेल, तर कलम ११६ प्रमाणे दिलेले अधिकारपत्र सोबत हवे. सनदी लेखापाल, वकील किंवा जीएसटी प्रॅक्टिशनर यांच्याप्रमाणे जवळचा नातलग किंवा नियमित कर्मचारीही प्रतिनिधी होऊ शकतो.

सहावी पायरी : अर्ज पोहोचवा आणि त्याची पोच जपा

पोर्टलवर लॉगिन केल्यावर पुढील मार्गाने प्रकरण उघडते :

```
Services > User Services > View Additional Notices/Orders > View
```

त्या प्रकरणाच्या पानावर ‘NOTICES’ आणि ‘REPLIES’ असे कप्पे दिसतात. अर्ज ‘REPLIES’ मध्ये जोडला की नोंद कायमची राहते, आणि हाच मार्ग मुख्य मानावा. पण येथे एक धोका आहे. उत्तर म्हणून काहीही दाखल केले की प्रकरणाची स्थिती ‘Reply furnished’ अशी होऊ शकते, आणि ज्याने फक्त मुदतीचा अर्ज टाकला आहे त्याच्याही प्रकरणात उत्तर आले असे समजून आदेशाकडे वाटचाल होऊ शकते. म्हणूनच अर्जाच्या विषयात आणि पहिल्याच परिच्छेदात त्याचे स्वरूप स्पष्ट असावे.

पोर्टलखेरीज अर्ज नोटिशीवरील सरकारी ईमेलवर पाठवावा, आणि शक्य असल्यास कार्यालयात एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घ्यावी. गुहागर किंवा देवगडहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात एक दिवस मोडतो, हे खरे आहे. तरी पहिल्या अर्जासाठी एकदा जाणे किंवा कोणाला पाठवणे योग्य ठरते, कारण कार्यालयात प्रत्यक्ष फाइल कोणाकडे आहे हे त्याच वेळी कळते. पोर्टलवर उत्तर आले आहे का, हे सुनावणीपर्यंत रोज पाहावे. विभागाचे पत्र पोर्टलवर टाकले की ते मिळाले असे मानले जाते. ईमेल पाहिला नाही, हे कारण टिकत नाही.

सातवी पायरी : उत्तर आले नाही तर त्या दिवशी हजर राहा

अर्ज दिला म्हणजे तारीख पुढे गेली, असे समजून घरी राहणे ही या सगळ्या प्रकारातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. तहकुबी मंजूर झाल्याचे लेखी उत्तर किंवा नव्या तारखेचे पत्र येईपर्यंत जुनी तारीख कायम असते. म्हणून ११ तारखेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काहीच आले नाही, तर स्वतः जावे किंवा प्रतिनिधीला पाठवावे. प्रवास शक्य नसेल तर दूरदृश्य पद्धतीने सुनावणी घेण्याची विनंती आधी करावी.

हजर झाल्यावर अर्जाची पोच दाखवावी आणि कोणत्या भागासाठी वेळ हवा आहे ते तोंडी सांगावे. तयार असलेल्या १,२५,००० च्या भागावर त्याच दिवशी म्हणणे मांडण्याची तयारी ठेवावी, कारण अधिकारी ते ऐकून उरलेल्यासाठी तारीख देऊ शकतात. सुनावणीची जी नोंद लिहिली जाते ती सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावी. ‘तहकुबीची विनंती केली, तिच्यासोबत जोडपत्रे दिली’ हे तिच्यात नसेल तर ते लिहून घेण्याची विनंती करावी, आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी. नोंदीत ‘आणखी काही सांगायचे नाही’ असे छापील वाक्य असेल तर त्यावर विचार न करता सही करू नये. पूरक उत्तर देणार असल्याचे त्याखाली लिहून मगच सही करावी.

आठवी पायरी : तहकुबीची बाहेरची मर्यादा

तीन वेळा तहकुबी मिळू शकते याचा अर्थ तीन महिने मिळतात असा नाही. अधिकाऱ्यावरही मुदत असते. कलम ७३ खालील आदेश त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून तीन वर्षांच्या आत काढावा लागतो. २०२१-२२ साठी ती अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती, म्हणून आदेशाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होती. २०२२-२३ साठी याच हिशेबाने ३१ डिसेंबर २०२६ ही मर्यादा येते. कलम ७४अ लागू असलेल्या वर्षांत नोटिशीपासून १२ महिन्यांत आदेश अपेक्षित असतो.

म्हणून तारीख मागण्यापूर्वी आपल्या वर्षाची ही मर्यादा काढून पाहावी. २५ नोव्हेंबरची मागणी अधिकाऱ्याला परवडणारी होती, कारण त्यानंतरही आदेश लिहायला महिनाभर उरत होता. हीच विनंती २० डिसेंबरला केली असती, तर कारण कितीही खरे असले तरी एखाद-दोन दिवसांपलीकडे वेळ मिळणे कठीण होते. मुदत जवळ आलेली असेल तर दोन आठवडे न मागता चार दिवस मागावेत आणि पुरावा नसलेल्या भागावर पर्यायी कागद तयार ठेवावेत.

पर्यायी कागद म्हणजे काय, हे याच उदाहरणातून सांगतो. बँकेचा उतारा १७ नोव्हेंबरला आला आणि त्यात व्यापाऱ्याच्या खात्यावर गेलेल्या रकमा दिसल्या. व्यापाऱ्याने मात्र १८ तारखेपर्यंत सहापैकी चारच बिलांच्या प्रती, ७ लाखांच्या, पाठवल्या. दुसरी तहकुबी मागण्याऐवजी उद्योगाने २१ तारखेला पूरक उत्तर दिले : चार बिले, ती व बँकेतील रकमा जुळवणारा एक पानाचा तक्ता, आणि उरलेल्या २ लाखांसाठी बँकेतील भरणा, वजनकाट्याच्या पावत्या व त्या व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक पोर्टलच्या सार्वजनिक शोधात ‘व्यापारी’ म्हणून दिसत असल्याची छापील प्रत. सुनावणी २५ तारखेला झाली. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. दोन बिलांसाठी पुन्हा तारीख मागितली असती तर १०,००० रुपयांच्या करासाठी उरलेल्या दोन संधींपैकी एक खर्च झाली असती, आणि डिसेंबरमध्ये खरेच अडचण आली असती तर हाती एकच राहिली असती.

आदेश विरोधात गेला तर हा अर्ज कसा उपयोगी पडतो

मागणीचा सारांश देणाऱ्या डीआरसी-०७ नमुन्यासोबत आदेश आला आणि त्यात तहकुबीची विनंती कारण न देता नाकारलेली किंवा उल्लेखच न केलेली असेल, तर कलम १०७ खाली तीन महिन्यांत अपील करता येते. पुरेसे कारण असल्यास आणखी एक महिना उशीर माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. वादातील कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते.

अपिलात एक अडसर असतो. मूळ अधिकाऱ्यासमोर न दिलेला नवा पुरावा अपिलात सहजासहजी स्वीकारला जात नाही. नियम ११२ त्याला मोजक्याच परिस्थितींत वाट देतो. मागितलेला पुरावा पुरेशा कारणामुळे सादर करता आला नव्हता किंवा आदेश देताना पुरावा मांडायला पुरेशी संधीच मिळाली नव्हती, हे दाखवता आले तर तो घेतला जातो. उशिरा आलेली दोन बिले अपिलात दाखल करायची असतील, तर त्यांचा उल्लेख, ती मागितल्याची तारीख आणि ती न मिळण्याचे कारण मूळ प्रकरणाच्या फाइलमध्ये असले पाहिजे. ४ नोव्हेंबरच्या अर्जात आणि त्याच्या जोडपत्रांत ते सर्व होते. ‘कागदपत्रे जमवणे चालू आहे’ एवढेच लिहिणाऱ्याकडे मात्र ही दोन बिले त्या वेळी खरोखर येणे बाकी होती हे दाखवणारे काहीच नसते.

म्हणून अर्जाची शिक्का असलेली प्रत, पोर्टलवरील पोच, व्यापाऱ्याला व बँकेला पाठवलेली पत्रे आणि सुनावणीची नोंद हे कागद आदेश लागल्यानंतरही एकत्र ठेवावेत, आणि अपील केले असेल तर ते निकाली निघून एक वर्ष होईपर्यंत किंवा वर सांगितलेले ७२ महिने संपेपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावेत. कलम ३६ मध्येच तसे सांगितले आहे.